नाव माहीत नाही, सर की मॅडम तेही माहीत नाही. मग मेलची पहिली ओळ काय लिहायची?



गटाचा माल आठवडी बाजाराच्या पुढे जायला लागला की मेल करावा लागतोच. पाऊचचे दर मागवायचे असतात, मशीनची माहिती हवी असते, पाठवलेल्या मालाचं बिल अडकलेलं असतं. कंपनीच्या पाटीवर, बिलावर किंवा वेबसाइटवर एक पत्ता मिळतो. तो बहुतेक वेळा info@ नाहीतर sales@ असा सुरू होतो. त्यात कुणा माणसाचं नाव नसतं. मग विषय लिहून होतो, मागणीही डोक्यात तयार असते, पण हात अडतो तो पहिल्या ओळीवर. सर लिहायचं की मॅडम? साहेब चालेल का? या पाठात आपण ही एकच ओळ नीट शिकणार आहोत.

info@ च्या मागे कोण असतं?

आधी हे समजून घेऊ. असा पत्ता म्हणजे कंपनीच्या दारावरची पत्रपेटी. ती कुणा एकाची नसते. मोठ्या कंपनीत ही पेटी दोघं-तिघं मिळून उघडतात. सकाळी एक मुलगी बघते, दुपारी दुसरा कुणी बघतो. ते मेल वाचतात आणि ज्याचं काम असेल त्याच्याकडे पुढे पाठवतात. लहान कारखान्यात मात्र मालक किंवा मालकीणबाई स्वतःच रात्री जेवणानंतर मोबाइलवर सगळे मेल बघतात.

म्हणजे आपला मेल पहिल्यांदा जो उघडतो, तोच आपलं काम करणारा असेल असं नाही. पहिल्या वाचणाऱ्याला एकच गोष्ट पटकन कळायला हवी: हा मेल कोणाकडे द्यायचा? म्हणून नाव माहीत नसलं तर माणसाचा अंदाज बांधत बसू नका. ज्या कामासाठी लिहिताय, त्या कामाला किंवा पदाला हाक मारा. आजच्या पाठाचा गाभा एवढाच आहे.

पत्त्याचा पहिला शब्दच बऱ्याचदा काम सांगतो. sales@ म्हणजे विक्री, accounts@ म्हणजे हिशेब, support@ म्हणजे माल घेतल्यानंतरच्या अडचणी, info@ म्हणजे सर्वसाधारण चौकशी. noreply@ असा पत्ता दिसला तर तिथे लिहूच नका. त्या पत्त्यावरून मेल फक्त बाहेर जातात, आलेले मेल तिथे कुणी वाचत नाही. तिथे कितीही मानाने लिहिलं तरी उपयोग नाही.

आधी दोन मिनिटं नाव शोधा

नावाने लिहिलेल्या मेलची सर दुसऱ्या कशालाच नाही. म्हणून आधी थोडी शोधाशोध करा. जुनं बिल किंवा कोटेशन असेल तर खाली सही करणाऱ्याचं नाव असतं. व्हिजिटिंग कार्ड असेल तर उत्तमच. वेबसाइटवर "संपर्क" या पानावर कधी कधी विभागवार नावं दिलेली असतात.

काहीच सापडलं नाही तर फोन लावा आणि सरळ विचारा, "आम्हाला पाऊचचे दर मागवायचे आहेत. मेल कोणाच्या नावाने पाठवू?" हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही, कंपन्यांना त्याची सवय असते. नाव सांगितलं की लगेच पुढचं विचारा, "त्यांना सर म्हणायचं की मॅडम?" हेही विचारायला लाजू नका. किरण, शीतल, सुमन ही नावं पुरुषांचीही असतात आणि बायकांचीही. पंजाबी लोकांत हरप्रीत, मनप्रीत ही नावं दोघांना ठेवतात. नुसत्या नावावरून ठरवायला गेलं तर फसगत होते.

फोन लागला नाही, किंवा पलीकडून "पाठवा हो, कोणीही बघेल" असं उत्तर आलं, तर मग पुढचं वाचा.

"सर" का नको?

पुष्कळ जणी म्हणतील, सर लिहिलं तर बिघडलं कुठे? सगळेच लिहितात. पण आपल्याच गटाकडे बघा. गटात सगळ्या बायका, अध्यक्ष बाई, सचिव बाई, आणि बाहेरून येणाऱ्या पत्राची सुरुवात "महोदय" किंवा "डिअर सर". व्यवहार करणारा म्हणजे पुरुषच असणार, असं लिहिणाऱ्याने धरून चाललेलं असतं. आपल्याला ते खटकतं ना? मग पलीकडे मेल उघडणारी एखादी बाई असेल, तर तिलाही खटकणारच. रागावून ती आपलं काम अडवेल असं नाही. पण जी ओळ मान देण्यासाठी लिहिली, तिनेच मान गेला, तर ती ओळ फुकट गेली.

इंग्रजी पत्रव्यवहारातही हा विचार झाला आहे. कंपन्यांना लिहिताना "डिअर सर्स", म्हणजे "प्रिय महाशयहो", अशी सुरुवात करायची तिकडची जुनी पद्धत होती. लंडनच्या फ्रेशफील्ड्स या मोठ्या वकिली फर्मने २०१६ मध्ये ती सोडायचं ठरवलं. कारण हेच, की पलीकडे फक्त पुरुषच बसलेले नसतात.

म्हणून "मॅडम" लिहावं का? तोही अंदाजच झाला. "साहेब" लिहिलं तर तोच घोटाळा. "दादा", "ताई" हे शब्द ओळखीच्या माणसांसाठी ठेवा. अनोळखी कंपनीला ते लिहिले तर समोरच्याला मेल चुकून आपल्याकडे आला की काय, असं वाटतं.

मराठीत उत्तर आपल्याकडे आधीपासूनच आहे

आपल्या मराठी पत्रलेखनात काही शब्द असे आहेत की ते बाईलाही चालतात आणि पुरुषालाही. शाळेत आपण ते शिकलोय, फक्त वापरताना विसरतो.

पहिला शब्द "मा.", म्हणजे माननीय. त्याच्यापुढे पद लिहायचं: "मा. व्यवस्थापक", "मा. विक्री अधिकारी". व्यवस्थापक, अधिकारी, सचिव, अध्यक्ष ही पदं आज दोघांनाही लावतात. लक्षात ठेवा, "मा." हे माणसाला किंवा पदाला लावायचं. "मा. विक्री विभाग" असं लिहिलं तर ते विचित्र वाटतं, कारण विभाग म्हणजे माणूस नाही. विभागाला लिहायचं असेल तर "विक्री विभागास नमस्कार," एवढं पुरतं.

दुसरा शब्द "नमस्कार". आपल्या आजीच्या काळच्या पत्रात "स. न. वि. वि." असायचं, म्हणजे "सप्रेम नमस्कार विनंती विशेष". त्यात समोर बाई आहे की पुरुष, याचा पत्ताच लागत नाही. "सादर नमस्कार" किंवा नुसतं "नमस्कार" लिहिलं तरी कुणाचाही मान राहतो.

तिसरा पर्याय "महोदय/महोदया". हा सरकारी कार्यालय, बँक, लेखी तक्रार अशा ठिकाणी शोभतो. एक काळजी घ्या: घाईत नुसतं "महोदय" लिहून थांबू नका. नुसतं महोदय म्हणजे पुरुषच झाला. दोन्ही लिहा, मध्ये तिरपी रेघ द्या.

आता यातलं कुठे काय वापरायचं? मोठी कंपनी असेल आणि पत्त्यावरून विभाग कळत असेल, तर विभागाला किंवा पदाला लिहा. सरकारी काम किंवा तक्रार असेल, तर महोदय/महोदया. लहान कारखाना असेल, तर साधं नमस्कार आणि पुढे फर्मचं नाव. लहान कारखाना कसा ओळखायचा? मेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा नसून gmail.com चा असतो, आणि सोबत एकच मोबाइल नंबर दिलेला असतो. अशा दोन माणसांच्या कारखान्याला "विक्री विभागास" लिहिलं तर त्यांनाच हसू येईल.

एक लिहू नका: "श्री./श्रीमती" आणि पुढे मोकळी जागा. ते न भरलेल्या छापील अर्जासारखं दिसतं.

एक मेल लिहून बघू

समजा, तुमचा गट मिरची पावडर करतो. २०० ग्रॅमचे झिप असलेले पाऊच हवेत. पुण्याच्या एका कंपनीचा info@ चा पत्ता मिळाला. फोन केला, पण नाव कळलं नाही. दिवाळीच्या प्रदर्शनाआधी पाऊच हातात यायला हवेत, म्हणजे उत्तर लवकर मिळणं गरजेचं आहे.

बऱ्याच जणी मेल असा सुरू करतात: "प्रति, माननीय सर, अमुक कंपनी, अमुक रस्ता, पुणे. विषय… संदर्भ… महोदय, वरील विषयास अनुसरून…" कागदी पत्राला ही मांडणी ठीक आहे. मेलमध्ये ती अडचण करते. का, ते मोबाइल उघडून बघा. मेलच्या यादीत आधी पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, मग विषय, आणि त्याखाली मजकुराचे पहिले चार-सहा शब्द. ते चार-सहा शब्द "प्रति, माननीय सर, अमुक कंपनी" यातच संपले, तर मागणी काय आहे ते मेल न उघडता कळतच नाही. शिवाय "प्रति" चं काम मेलच्या वरच्या चौकटीत, जिथे आपण पत्ता टाकतो, तिथे झालेलंच असतं. विषयालाही वेगळी चौकट असते. म्हणून मेलमध्ये संबोधन एका ओळीचं, आटोपशीर ठेवायचं आणि लगेच कामावर यायचं. असं:

विषय: २०० ग्रॅम मिरची पावडरसाठी झिप पाऊच – दर हवेत

विक्री विभागास नमस्कार,

आमच्या महिला बचत गटाला २०० ग्रॅम मिरची पावडरसाठी झिपचे पाऊच हवे आहेत. साध्या पाऊचचा दर, छापील पाऊचचा दर आणि कमीत कमी किती पाऊच घ्यावे लागतील, हे कृपया कळवावे. माल दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मिळायला हवा. हे काम दुसऱ्या कोणाकडे असेल तर हा मेल त्यांच्याकडे पाठवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(पूर्ण नाव), सचिव
(गटाचं नाव, गाव, तालुका, मोबाइल नंबर)

मजकुराचं शेवटचं वाक्य बघा: "दुसऱ्या कोणाकडे असेल तर त्यांच्याकडे पाठवावा". सामाईक पत्त्यावर लिहिताना हे वाक्य फार कामाचं आहे. पहिली वाचणारी व्यक्ती त्यामुळे मेल बाजूला ठेवत नाही, पुढे सरकवते.

हाच मेल तीन कंपन्यांना पाठवायचा असेल तर तिघांना वेगवेगळा पाठवा. संबोधनात कंपनीचं नाव घातलं असेल, तर पाठवण्याआधी ते बदललंय का हे बघा. पहिल्या कंपनीचं नाव तसंच राहून मेल दुसऱ्या कंपनीला गेला, तर तिथल्यांना लगेच कळतं की हा मजकूर आपल्यासाठी लिहिलेला नाही.

खालच्या वाक्यात भेद उघडा पडतो

संबोधन जपून लिहिलं, पण मराठी क्रियापद चुगली करतं. "आपण काल फोनवर म्हणाला होतात" हे पुरुषाला झालं, "म्हणाल्या होतात" हे बाईला. फोनवर बोललेली व्यक्ती आणि मेल वाचणारी व्यक्ती वेगळी असू शकते, हे आपण वर पाहिलं. तेव्हा वाक्यच असं वळवा की प्रश्न उरणार नाही: "काल फोनवर बोलणे झाले, त्याप्रमाणे…" किंवा "आपण फोनवर सांगितले होते, त्याप्रमाणे…". "दर कळवावेत", "माहिती मिळावी", "आपण पाठवू शकाल का" ही वाक्यं दोघांनाही चालतात. आणि मधेच "सर, प्लीज लवकर करा" असं घुसू देऊ नका. मेल पाठवण्याआधी एकदा फक्त यासाठी वाचा.

महाराष्ट्राबाहेर लिहायचं असेल तर

राजकोटहून मशीन मागवायचं असेल तर मराठी चालणार नाही. हिंदीत "महोदय/महोदया" तसंच चालतं. इंग्रजीत पहिल्या ओळीसाठी हे तीन पर्याय वहीत उतरवून ठेवा:

```
Dear Sales Team,
Dear Sales Manager,
Dear Sir/Madam,
```

पहिली ओळ विभागाला, दुसरी पदाला आणि तिसरी काहीच माहीत नसताना. शेवटी स्वल्पविराम असतोच.

काही जणींना "डिअर" लिहायला संकोच वाटतो. डिअर म्हणजे प्रिय, आणि परक्या माणसाला प्रिय कसं म्हणायचं? पण इंग्रजी पत्रात तो शब्द नुसता रिवाज आहे, त्यात जवळीक नाही. मराठी मेलमध्ये मात्र त्याचं भाषांतर करून "प्रिय सर" लिहू नका. आपल्याकडे प्रिय हा शब्द घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठीच आहे.

इंग्रजीत "To Whom It May Concern" अशी एक सुरुवात कुठेतरी पाहिली असेल. ती दाखल्यासाठी असते, म्हणजे जो कागद पुढे कुणालाही दाखवला जाणार आहे त्यासाठी. दर मागवायला ती वापरू नका.

शेवटही सुरुवातीशी जुळवावा लागतो. नाव माहीत नसेल तर "Yours faithfully", आणि नावाने लिहिलं असेल तर "Yours sincerely", असा इंग्रजीचा नेम आहे.

उत्तर आलं की

पहिलं उत्तर कधी कधी मशीनचं असतं: "आपला मेल मिळाला, आपला क्रमांक अमुक." त्याला धन्यवाद म्हणत बसू नका. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि पुढचं सगळं त्याच मेलला उत्तर देऊन लिहा, नवीन मेल सुरू करू नका.

माणसाचं उत्तर आलं की खाली सही बघा. आता नाव मिळालं. पुढच्या मेलमध्ये पुन्हा "विक्री विभागास" लिहिलं तर उत्तर नीट वाचलंच नाही असं वाटेल. नाव "किरण" असेल आणि बाई की पुरुष कळत नसेल, तर "नमस्कार किरणजी," लिहा. "जी" दोघांनाही लागतं. समोरच्यांनी स्वतःच सर किंवा मॅडम असा उल्लेख केला असेल, तर तोच धरून चाला.

आणि शेवटी आपली स्वतःची सही. पलीकडच्या माणसालाही हीच अडचण असते ना? आपण "एस. बी. पाटील, सचिव" अशी सही केली, तर तिकडून "डिअर सर" येणारच. त्यात त्यांचा सगळा दोष नाही. आपलं पहिलं नाव पूर्ण लिहा. नावावरून कळणार नसेल तर मागे "श्रीमती" लावा. "श्रीमती" लग्न झालेलीला चालतं, न झालेलीला चालतं, एकटीलाही चालतं. सौ. की कु. हे कंपनीला सांगायचं कारण नाही.

बैठकीत करून बघा

खालच्या तीन प्रसंगांत पहिली ओळ काय लिहाल, ते प्रत्येकीने आधी वहीत लिहा आणि मग एकमेकींना वाचून दाखवा.

१. पाठवलेल्या मालाचे पैसे आले नाहीत. कंपनीचा पत्ता accounts@ असा आहे.
२. लेबल छापणाऱ्या तालुक्यातल्या लहान छापखान्याचा gmail.com चा पत्ता आहे, मालकाचं नाव माहीत नाही.
३. बँकेच्या शाखेला खात्यातल्या चुकीच्या कपातीबद्दल तक्रार करायची आहे.

उत्तरं: पहिल्यात "हिशेब विभागास नमस्कार,". दुसऱ्यात "नमस्कार," आणि पुढे छापखान्याचं नाव. तिसऱ्यात "मा. शाखा व्यवस्थापक," आणि त्याखाली "महोदय/महोदया,". बँकेच्या तक्रारीत या दोन ओळी चालतात, कारण तो मेल पुढे लेखी पुरावा म्हणून लागू शकतो.

तुमच्या गटाच्या मोबाइलमध्ये आधी पाठवलेले मेल असतील, तर त्यातले शेवटचे पाच उघडा आणि पहिली ओळ बघा. किती ठिकाणी नुसतं "सर" आहे, ते मोजा. पुढचा मेल कोण लिहिणार, ते त्याच बैठकीत ठरवा.